४८ हंड्या, एक उशीर आणि दोन भाषांतलं माफीपत्र

पार्श्वभूमी

पुण्याच्या रविवार पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. मालक साठीच्या पुढचे. पेठेत सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही तेच म्हणते. माल बनतो कसब्यातल्या तांबट आळीत. दुकान पत्रा देतं आणि मजुरी देतं, तांबट घडवून देतात. मी व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहाराचे अनुवाद करते आणि शेठचं काम अधूनमधून माझ्याकडे येतं. या लेखातले आकडे आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तोच आहे.

१५ जुलै २०२४ ला बंगळुरूच्या एका नव्या हॉटेलाकडून ४८ हंड्यांची मागणी आली. पाच लिटरच्या, मठारकाम म्हणजे हातोडीचे ठोके दिलेल्या, आतून कल्हई केलेल्या, दर नग ४,२०० रुपये. हॉटेलच्या संचालिका मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांनी दुकानात बसून, हंडी हातात घेऊन, ठोके मोजत मराठीत सौदा केला. माल २० सप्टेंबरपर्यंत पोहोचवायचा ठरलं, कारण हॉटेल ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडणार होतं. नंतर त्यांच्या खरेदी विभागाने इंग्रजीत तीन पानी खरेदी-आदेश मेलवर पाठवला. शेठनी त्यातला दर आणि इसाराची रक्कम बघितली आणि कागद फायलीत लावला.

अडचण

कोणतीही मोठी आपत्ती आली नव्हती. ऑगस्टमध्ये एका कंपनीचं दिवाळी-भेटींचं काम आलं, तांब्या-भांड्यांचे जोड, रोख पैसे. तेच दोन तांबट तिकडे लागले. मग ७ सप्टेंबरला गणपती बसले. विसर्जनापर्यंत तांबट आळीत काम किती चालतं हे पुण्यात कोणाला सांगायला नको. जुलैमध्ये तारीख कबूल करताना शेठनी हे दहा दिवस धरलेच नव्हते.

१६ तारखेला बंगळुरूहून खरेदी अधिकाऱ्याचा मेल आला: माल निघाला का? शेठनी आळीत जाऊन मोजणी केली. ३० हंड्या कल्हई होऊन तयार, १८ बाकी. त्या ३० मधल्या ११ हंड्यांची कल्हई नीट बसलेली नव्हती.

हे कसं कळतं ते सांगते, कारण पुढे पत्रात हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडला. कल्हई करताना भांडं आधी घासून-धुऊन पूर्ण स्वच्छ करतात, भट्टीवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकतात, कथलाची कांडी फिरवतात आणि वितळलेलं कथील कापसाने झरझर सगळीकडे पसरवतात. कुठे तेलकटपणा किंवा काळपट थर राहिला, तर तिथे कथील धरत नाही. हंडी उजेडाकडे तिरकी धरली की पांढऱ्या चकाकीत तांबूस ठिपके दिसतात. दुकानात मांडून ठेवायला असं भांडं चालून जाईल. हॉटेलच्या चुलीवर, जिथे रोज चिंच-टोमॅटोचा आंबटपणा आहे, तिथे चालणार नाही. आंबटाने उघडं तांबं अन्नात उतरतं. म्हणजे देण्याजोग्या हंड्या फक्त १९ होत्या. २९ वर काम बाकी होतं आणि हातात चार दिवस.

शेठ माझ्याकडे आले तेव्हा पुतण्याने लिहिलेलं इंग्रजी पत्र सोबत होतं. पाच ओळींचं. त्याचा गाभा होता ‘ड्यू टू अनअव्हॉयडेबल सर्कमस्टन्सेस’ आणि ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’. खाली, माल ‘विदिन एट डेज’ पोहोचेल.

कोणते पर्याय होते

शेठचा कल फोनवर होता. ‘मॅडम आपल्याकडच्या आहेत, समजून घेतील.’ फोन करायलाच हवा होता आणि तो त्यांनी माझ्यासमोर केलाही. संचालिका शांतपणे ऐकून म्हणाल्या, ‘शेठ, मला पटलंय. पण मला हे आमच्या पर्चेसला आणि शेफला दाखवावं लागेल. तुम्ही लेखी द्या, आणि त्यांना वाचता येईल असं द्या.’ त्या वाक्याने फोनवर निभावण्याचा पर्याय संपला.

दुसरा पर्याय होता पुतण्याचं इंग्रजी पत्र तेवढं सुधारून पाठवायचं. व्यवहार इंग्रजी खरेदी-आदेशावर चालणार, तर मराठी पत्र हवंच कशाला? माझं मत वेगळं पडलं आणि त्याचं कारण भावनिक नव्हतं. सही शेठची असणार. इंग्रजी ते अडखळत वाचतात. ज्या कागदातलं प्रत्येक वाक्य आपण स्वतः तोलू शकत नाही, त्यावर माफीची सही करणं धोक्याचं असतं. उद्या ‘तुम्ही असं लिहून दिलंत’ म्हणून कोणी बोट ठेवलं, तर ते काय लिहिलंय हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागेल. म्हणून आधी मराठीत त्यांनी स्वतः सांगायचं, मी लिहून काढायचं, त्यांनी वाचून पक्कं करायचं आणि मग अनुवाद, असं ठरलं. दोन्ही प्रतींवर सही करायची आणि इंग्रजी प्रतीच्या माथ्यावर ‘मूळ मराठी पत्राचा अनुवाद’ असं नोंदवायचं.

तिसरा प्रश्न कारणाचा होता आणि त्यावर जवळजवळ तासभर वाद झाला. शेठना ‘अपरिहार्य कारणामुळे’ हवं होतं. मराठी व्यापारी पत्रात ते इतकं रुळलंय की वाचणारा त्यावरून नजर पुढे सरकवतो. पण खरेदी अधिकारी ते वाचताना दोनपैकी एक करणार: एकतर टाळाटाळ समजणार, किंवा आदेशातल्या नैसर्गिक आपत्तीच्या कलमाशी जोडून पुरावा मागणार. गणपती कधी बसणार हे जानेवारीत भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं. त्याला अपरिहार्य कोण म्हणेल? कायद्यातही ही ढाल चालत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ मध्ये काम अशक्य झालं तर करार सुटतो, नुसतं अवघड किंवा गैरसोयीचं झालं म्हणून नाही.

मग शेठ म्हणाले, ‘तांबटांनी वेळेत दिलं नाही असं लिहू.’ हे तर अर्धसत्यच होतं, कारण तांबटांना दुसऱ्या कामाला त्यांनीच लावलं होतं. शिवाय हॉटेलचा सौदा दुकानाशी होता, तांबटांशी नाही. कारागिरावर ढकललेलं पत्र वाचून शेफच्या मनात पहिला प्रश्न येईल तो मालाच्या दर्जाचा.

दुसरं काम घेतल्याचं लिहायचं का? इथे मी आग्रह धरला नाही, फक्त एवढं विचारलं की हे मॅडमना दुसरीकडून कळण्याची शक्यता किती. पेठ लहान आहे. शेठ थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘लिहा.’ कोणाचं काम, केवढ्याचं, ते मात्र लिहायचं नाही. त्या गिऱ्हाइकाचा यात काही दोष नाही.

मराठी पत्र

पक्कं झालेलं पत्र, नावं आणि पत्ते वगळून, असं होतं:

दि. १८ सप्टेंबर २०२४

विषय : दि. १५ जुलै २०२४ च्या मागणीतील हंड्या ठरलेल्या तारखेस न पोहोचण्याबद्दल दिलगिरी व नवीन तारखा

सप्रेम नमस्कार.

आपण मागवलेल्या ४८ हंड्या शुक्रवार, दि. २० सप्टेंबरपर्यंत बंगळुरू येथे पोहोचवण्याचे आम्ही कबूल केले होते. त्या तारखेस सर्व हंड्या आम्ही देऊ शकत नाही. आमच्याकडून झालेल्या या उशिराबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो. आपले हॉटेल घटस्थापनेस सुरू होणार हे आम्हास पहिल्या दिवसापासून माहीत होते.

मागणी घेताना गणेशोत्सवाचे दिवस आम्ही हिशेबात धरले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये दुसरे काम हाती घेतल्याने आपल्या कामास वेळ कमी पडला. तसेच तयार झालेल्या हंड्यांपैकी ११ हंड्यांची कल्हई तपासताना सलग आढळली नाही. अशी हंडी स्वयंपाकास देणे योग्य नसल्याने त्यांना पुन्हा कल्हई करत आहोत.

तपासून तयार असलेल्या १९ हंड्या उद्या निघून शनिवार, दि. २१ सप्टेंबर रोजी आपणास मिळतील. उरलेल्या २९ हंड्या शनिवार, दि. २८ सप्टेंबरपर्यंत मिळतील. यात बदल होईल असे दिसल्यास गुरुवार, दि. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत मी स्वतः आपणास फोन करून कळवीन.

या २९ हंड्यांच्या किमतीवर ५ टक्के सूट बिलातच वजा केली जाईल. उशिरासाठी आपल्या खरेदी-आदेशात ठरलेली कपात या सुटीत धरलेली आहे. दोन्ही खेपांचे वाहतूक भाडे आम्ही देऊ.

कळावे.

आपला,
(दुकानाचे मालक)

पहिल्या मसुद्यात शेवटी ‘लोभ आहेच, तो वाढावा’ होतं. ते शेठनीच काढलं. म्हणाले, ‘माल पोचू दे, मग लोभ मागू.’

सुटीबद्दलचं दुसरं वाक्य कुठून आलं ते सांगायला हवं. पत्राआधी मी खरेदी-आदेश पूर्ण वाचायला मागितला. तिसऱ्या पानावर कलम होतं: उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला १ टक्का कपात, जास्तीत जास्त ५ टक्के. शेठना याची कल्पनाच नव्हती. २९ हंड्यांची किंमत १,२१,८०० रुपये. आठ दिवसांच्या उशिराला, म्हणजे दोन आठवडे धरून, कलमाप्रमाणे या २९ हंड्यांवर २,४३६ रुपये कापले गेले असते. शेठ आपणहून ६,०९० रुपये सोडत होते. ते वाक्य नसतं, तर खरेदी विभागाने सूटही घेतली असती आणि वर कपातही केली असती, आणि तक्रार करायला जागा उरली नसती. माफी उदारपणे मागावी, पण रक्कम कशाची आहे हे लिहिल्याशिवाय नाही.

इंग्रजी करताना

शेठच्या तोंडी पहिल्या फेरीत आणखी एक वाक्य होतं: ‘याची सर्व जबाबदारी आमची.’ मराठीत हे मोठ्या मनाचं वाक्य आहे. माणूस पुढे होऊन दोष पत्करतो, एवढाच त्याचा अर्थ. पुतण्याने त्याचं केलेलं इंग्रजी होतं ‘वी आर लाएबल फॉर एव्हरीथिंग’. त्याचा अर्थ असा, की जे काही नुकसान निघेल ते आम्ही भरू. हॉटेलचं उद्घाटन पुढे गेलं असतं तर? करार कायद्याच्या कलम ७३ नुसार करार मोडल्यावर मिळणारी भरपाई त्या मोडण्यातून स्वाभाविकपणे होणाऱ्या, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीपुरती असते. दूरचं, आडवळणाचं नुकसान त्यात येत नाही. आणि इथे शेठना उद्घाटनाची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ते वाक्य कायद्याने आखलेली हद्दही पुसून टाकत होतं. ‘लाएबल’च्या जागी ‘रिस्पॉन्सिबल’ घालून बरंचसं निभावलं असतं, पण मग मूळ मराठी प्रतीवर ‘सर्व’ हा शब्द राहिलाच असता. म्हणून मूळ वाक्यच काढलं आणि दोष पत्करण्याचं काम ‘आमच्याकडून झालेल्या या उशिराबद्दल’ यावर सोपवलं.

त्या शब्दांचा अनुवाद सोपा नव्हता. ‘उशीर झाला’ म्हणताना मराठीला कर्ता लागत नाही. इंग्रजीत तसंच नेलं की ‘देअर हॅज बीन अ डिले’ होतं, आणि रेल्वेच्या घोषणेसारखं कोणीच जबाबदार नसल्याचं वाटतं. ‘आमच्याकडून’ हा शब्द मराठीत हळू आवाजात येतो, इंग्रजीत तो वाक्याच्या सुरुवातीला आणावा लागला: ‘वी हॅव फेल्ड टु मीट द डेट वी अ‍ॅग्रीड, अँड आय अपॉलजाइज’. आधी ‘वी’, कारण चूक दुकानाची. मग ‘आय’, कारण माफी मालक मागतोय. मराठी मूळातही तसंच आहे. ‘मनापासून’साठी ‘फ्रॉम द बॉटम ऑफ माय हार्ट’ पुतण्याला फार आवडलं होतं. भांड्यांच्या पत्रात ते नाटकी दिसलं असतं, म्हणून ‘सिन्सिअरली’वर थांबलो.

‘कबूल केले होते’चंही पुतण्याने ‘अ‍ॅडमिटेड’ केलं होतं, म्हणजे मागणी घेणं हाच गुन्हा आणि आता कबुलीजबाब. हसण्यावारी गेलं, पण खालच्या ‘आठ दिवसांत’चं तसं नव्हतं. आपल्याकडे आठ दिवस म्हणजे पुढचा आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे; मोजून कोणी बोलत नाही. खरेदी अधिकारी मात्र १८ तारखेत आठ मिळवून २६ लिहून ठेवतो आणि त्यावर शेफचं, गोदामाचं, सफाईचं नियोजन करतो. शिवाय ‘पोहोचेल’ की ‘निघेल’? पुण्याहून बंगळुरूला ट्रान्सपोर्टने दोन-तीन दिवस सहज लागतात. म्हणून दोन्ही प्रतींत वार, तारीख आणि ‘मिळतील’ असंच लिहिलं.

कल्हईसाठी इंग्रजीत ‘टिन लायनिंग’ चालतं आणि शेफना ते ठाऊक असतं. ‘सलग आढळली नाही’ला ‘डिफेक्टिव्ह’ म्हणायची शेठना भीती वाटत होती आणि ती रास्त होती, कारण सदोष माल आणि तपासणीत अडवलेला माल यांत फरक आहे. आम्ही लिहिलं की आमच्या तपासणीत अस्तर एकसारखं दिसलं नाही, म्हणून या हंड्या आम्ही पाठवल्या नाहीत. ‘पाठवल्या नाहीत’ हे मराठीत ओघाने कळतं, इंग्रजीत उघड सांगितलं. अनुवादात भर घातलेली ती एकच जागा आणि ती शेठना मराठीत समजावून, त्यांची संमती घेऊन घातली.

एक गोष्ट पत्रात मुद्दाम ठेवली नाही. सूट ही उशिराची पूर्ण भरपाई म्हणून मान्य आहे का, हे हॉटेलकडून लेखी हवं होतं. माफीच्या पत्रातच ते विचारलं असतं तर सगळं पत्र सौदेबाजीचं झालं असतं. ते पुतण्याने सोबतच्या मेलमध्ये एका ओळीत विचारलं.

काय झालं

संचालिकांनी मराठी पत्र वाचून शेठना फोन केला, दोन मिनिटं. इंग्रजी प्रत खरेदी विभागाकडे गेली. दुसऱ्या दिवशी मेल आला: नव्या तारखा मान्य, ५ टक्के सूट उशिराची पूर्ण भरपाई म्हणून मान्य. शेफने एक अट घातली, दुसऱ्या खेपेतल्या प्रत्येक हंडीचा आतून काढलेला फोटो हवा. कल्हईबद्दल खरं लिहिल्याचा हा परिणाम होता आणि शेठ जरा वैतागले. पण फोटो काढताना आणखी दोन हंड्यांत ठिपके सापडले.

१९ हंड्या २१ तारखेला पोहोचल्या. २६ तारखेला दुपारी शेठना दिसलं की पाच हंड्या राहणार. पत्रात लिहिल्याप्रमाणे त्यांनी संध्याकाळच्या आत फोन केला. शेफ म्हणाले, उद्घाटनाला चाळीस असल्या तरी चालतील. २८ ला २४ पोहोचल्या, म्हणजे ४३ झाल्या. उरलेल्या पाच सोमवारी, ३० तारखेला रात्रीच्या बसच्या पार्सलने गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाल्या. या जादा दिवसांची कपात कोणी मागितली नाही. बिल अजून फाडलेलं नव्हतं, त्यामुळे सूट सरळ बिलातच दाखवता आली, क्रेडिट नोटची भानगड झाली नाही. उरलेले पैसे ऑक्टोबरअखेर आले.

कायद्याच्या बाजूने एक बारकावा इथे लागू पडतो. कलम ५५ म्हणतं, वेळ हाच कराराचा गाभा असताना माल उशिरा आला, तर घेणारा करार रद्द करू शकतो. पण उशिराचा माल त्याने स्वीकारला, तर स्वीकारतानाच ‘भरपाई मागणार आहे’ अशी सूचना दिल्याशिवाय नंतर मागता येत नाही. हॉटेलने उलट भरपाई मान्य असल्याचं लिहून दिलं होतं. शेठच्या दृष्टीने पत्रापेक्षाही तो एका ओळीचा मेल जपून ठेवण्यासारखा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

हे पत्र १८ सप्टेंबरला गेलं, तेही हॉटेलने विचारल्यावर. उशीर होणार हे ऑगस्टअखेर, दिवाळीचं काम सुरू झालं तेव्हाच दिसत होतं. तेव्हा पत्र गेलं असतं तर ते माफीचं नसतं, तारीख बदलून मागण्याचं असतं. हॉटेलकडे पाच आठवडे असते आणि कदाचित सूटही द्यावी लागली नसती. शेठना हे पटतं, पण त्यांचं म्हणणं असं की ऑगस्टमध्ये त्यांना खरंच वाटत होतं की जमेल. ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच मोजणी आळीत जाऊन, दर आठवड्याला व्हायला हवी होती. तांबटाच्या ‘होतंय’वर नाही.

पत्राबद्दल माझा एक मतभेद आजही आहे. दुसरं काम घेतल्याची कबुली संचालिकांसाठी योग्य होती, पण इंग्रजी प्रत खरेदी विभागाच्या फायलीत कायमची राहिली. पुढच्या सौद्यात तिथला नवा अधिकारी ती वाचून आणखी कडक कलम घालू शकतो. मराठीत सविस्तर आणि इंग्रजीत ‘वेळेचं नियोजन चुकलं’ एवढंच, असं करण्याचा मोह मलाही झाला होता. पण दोन्ही प्रतींवर एकच सही होती आणि मॅडमच्या टेबलावर त्या शेजारी-शेजारी पडणार होत्या. फरक दिसला असता तर दोन्ही पत्रं फुकट गेली असती. तेव्हा गाळायचंच असेल तर दोन्हीकडून गाळावं. शेठनी ठेवायचं ठरवलं.

मधल्या काळात शेठनी इंग्रजी खरेदी-आदेश आल्या दिवशीच माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली आहे. नोव्हेंबरमध्ये आलेल्या एका आदेशात कपात आठवड्याला २ टक्के होती, वर मर्यादा नव्हती. ती त्यांनी सही करण्याआधी बदलून घेतली.